गुणफरक उणे ८, तरी ९-५. आमचा संघ नशिबावर चाललाय का?

कोपरारक्षक (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, मी गुहागरकडचा. यंदा आमच्या पट्ट्यातल्या ८ गावांनी कबड्डीची एका रात्रीत उरकणारी बाद फेरी सोडून साखळी घेतली. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येकी १४ सामने, एकूण ५६. काल साखळी संपली. आम्ही ९ जिंकलो, ५ हरलो आणि खाडीपलीकडचा संघही ९-५. येत्या शनिवारी अंतिम सामना आमच्या दोघांत.

गुणपत्रकं माझ्याकडेच असतात, म्हणून बेरीज केली. आम्ही केलेले गुण ४३०, दिलेले ४३८. त्यांचे केलेले ४९७, दिलेले ३९९. जिंकलेल्या नऊ सामन्यांतले आमचे फरक असे: १, २, २, ३, १, ४, २, ६, ३. हरलेले: १४, ११, ३, २, २.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, बेसबॉलमध्ये पायथागोरसचं सूत्र वापरतात: केलेल्या गुणांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या वर्गांची बेरीज. त्याने काढून दिलं, की आमचे जिंकायला हवे होते ६.९ आणि त्यांचे ८.५. म्हणजे दोघांवरही नशीब मेहेरबान, आमच्यावर जरा जास्त. आमच्या पोरांना हे सांगितल्यावर मला मैदानाबाहेर काढायचंच बाकी ठेवलं. खरंच या सूत्रात दम आहे का?

वेंगुर्ल्याचो बोवा (रात्री ९:५५)

गणितान काय कबड्डी जिंकूक येता? शनिवारी चढाई कर आणि ये.

सुपारीबाग (रात्री १०:०२)

पायथागोरस म्हणजे ३-४-५ चा काटकोन. माझ्या बागेची मोजणी आली तेव्हा मी दोरीला गाठी मारून काढला होता. मैदानाची आखणी चुकलीय का तुमच्या?

कोपरारक्षक (रात्री १०:०५)

नाही हो काका, मैदान बरोबर आहे. सूत्रात वर्गांची बेरीज येते म्हणून नुसतं नाव पडलंय. त्रिकोण कुठेच नाही.

आकडेमोड (रात्री ११:१०)

मी रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवते, आणि बेसबॉलचं वेड आहे. सूत्रात दम आहे, पण भाच्याने बेसबॉलचा घातांक कबड्डीला लावलाय. घोळ तिथे आहे.

बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याने हे सूत्र धावांसाठी मांडलं तेव्हा त्याने २ हा घातांक ठेवला, कारण तो तिथल्या निकालांशी जुळत होता. पुढे लोकांनी जास्त हंगाम तपासले तर १.८३ जास्त चांगला बसला. बास्केटबॉलला तेच सूत्र लावायचं तर घातांक १४च्या आसपास घ्यावा लागतो. खेळ बदलला की घातांक बदलतो, कारण तो एकच गोष्ट सांगत असतो: थोड्याशा वरचढ संघाला त्या खेळात जिंकण्याची किती खात्री असते. बेसबॉलमध्ये धावा कमी आणि गोंधळ फार, त्यामुळे बलाढ्य संघही पुष्कळदा हरतो. बास्केटबॉलमध्ये शंभरेक गुण होतात, तिथे किंचित सरसपणाही शेवटी फळ्यावर दिसतो.

कबड्डी मधली. अंदाजाने ५ घेऊन बघू या. भाच्याच्या शीटमध्ये B मध्ये केलेले, C मध्ये दिलेले असतील तर:

```
=14*B2^5/(B2^5+C2^5)
```

तुमचे येतात ६.७. वर्गाने ६.९ आलेच होते, म्हणजे तुमच्या बाबतीत घातांकाने काही बिघडत नाही. केलेले-दिलेले जवळपास सारखे असले की घातांक कुठलाही घ्या, उत्तर निम्म्याच्या आसपासच राहतं. पण त्यांचं बघा. वर्गाने ८.५ होते, पाचव्या घाताने १०.५ होतात. खरे जिंकले ९. म्हणजे भाच्याच्या हिशोबात जो संघ अर्ध्या विजयाने नशीबवान होता, तो दीड विजयाने कमनशिबी निघाला. अंतिम सामन्याच्या आधी हे कळलेलं बरं.

कोपरारक्षक (रात्री ११:३२)

ताई, ५ कुठून आणले? उद्या कोणी ७ म्हणालं तर?

आकडेमोड (रात्री ११:५८)

रास्त प्रश्न. हा आकडा तुमच्याच ५६ सामन्यांतून काढता येतो. दोन गोष्टी लागतात: एका संघाचे सामन्यामागे सरासरी गुण, आणि निकालातला फरक किती हेलकावतो त्याचं प्रमाण विचलन. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि १.६ ने गुणायचं. फरक साधारण घंटेच्या आकाराने पसरतो असं धरून, बरोबरीच्या जवळ दोन्ही वक्रांचा चढ जुळवला की हा १.६ निघतो. बेसबॉलला आणि बास्केटबॉलला लावून बघितलंय, दोन्हीकडे माहितीच्या घातांकाच्या जवळ पोचतं.

एक काळजी घ्या. नुसत्या फरकांचं विचलन काढलंत तर त्यात बलवान-दुबळे हा भेदही मिसळतो. तो आधी वजा करायचा. प्रत्येक संघाचा सामन्यामागचा सरासरी गुणफरक काढा आणि त्याला ७/८ ने गुणा. का, तर आठ संघांत कोणी स्वतःशी खेळत नाही, त्यामुळे चांगल्या संघाला प्रतिस्पर्धी सरासरीपेक्षा जरा हलके मिळतात आणि त्याचा फरक थोडा फुगतो.

तुमच्यावरच करून दाखवते. त्यांचा फरक सामन्यामागे ७, गुणून ६.१. तुमचा उणे ०.५७, गुणून उणे ०.५. म्हणजे तुमच्या-त्यांच्या सामन्यात ते ६.६ ने जिंकतील ही अपेक्षा. त्यांच्याशी तुमचे निकाल काय लागले?

कोपरारक्षक (सोमवार, सकाळी ७:१५)

पहिल्यांदा ११ ने हरलो, परतीच्या सामन्यात २ ने जिंकलो.

आकडेमोड (सकाळी ८:०५)

मग पहिल्यात ११ मधून ६.६ गेले, उरले ४.४. दुसऱ्यात त्यांच्या बाजूने बघितलं तर उणे २ मधून ६.६ गेले, उणे ८.६. त्यांचे वर्ग १९ आणि ७४. असं ५६ वेळा करा, बेरजेला ४९ ने भागा आणि वर्गमूळ घ्या. ५६ ने का नाही, तर आठ संघांची ताकद याच आकड्यांतून काढण्यात सात अंश खर्च झाले.

लाल माती (सकाळी १०:२०)

तीस वर्षं मातीत काढली, त्यातली बारा पोरांना शिकवण्यात. ताईंच्या हिशोबाला नमस्कार, पण एक-दोन गुणांनी जिंकणं नशीब नसतं. शेवटच्या दोन मिनिटांत २ गुणांची आघाडी असली की चढाईपटू कसा खेळतो ते बघा. निदानरेषा ओलांडतो, बोनसकडे ढुंकूनही बघत नाही, तीस सेकंद भरवतो आणि परत येतो. समोरच्याने तिसऱ्या चढाईची वेळ आणली तरच अंगावर घेतो. ही शिकवावी लागते. कोपरारक्षकाच्या संघात असा एक पोरगा आहे, मी त्याला खेळताना पाहिलाय. तीन किंवा कमी गुणांच्या सामन्यांत तुम्ही ७-३ आहात ते त्याच्यामुळे.

कोपरारक्षक (सकाळी १०:४१)

बरोबर ओळखलंत काका. आणि तो १४ गुणांचा पराभवसुद्धा त्याच्याचमुळे. त्या दिवशी तो बोटीवर होता, आलाच नाही. २४-३८. तो सामना सोडला तर आमचा गुणफरक अधिक ६ होतो. मग आम्ही नशीबवान कसले?

आकडेमोड (दुपारी १:३०)

तो सामना काढून बघू. उरले १३, केलेले ४०६, दिलेले ४००. पाचव्या घाताने ६.७ विजय. प्रत्यक्षात ९. आधी २.३ जास्त होते, आताही २.३ च जास्त. सामना काढलात तेव्हा पराभवही गेलाच ना! बोटीने काही वाचवलं नाही.

तुमचं गुपित त्या अटीतटीच्या दहा सामन्यांत आहे, तीन किंवा कमी गुणांच्या. ते ५-५ सुटले असते तर तुम्ही ७-७ असता, सूत्र म्हणतं तिथेच. आणि दहा वेळा नाणं उडवलं तर सात किंवा जास्त छापे येण्याची शक्यता १७ टक्के, सहात एकदा. चमत्कार म्हणावा असं काही नाही.

लाल माती काका, तुमचं म्हणणं खोटं नाही. ते किती मोठं आहे हा प्रश्न आहे. बेसबॉलमधला किस्सा सांगते. २०१६ साली टेक्सास रेंजर्सने ७६५ धावा केल्या आणि ७५७ दिल्या. १६२ सामन्यांत ८२ जिंकायला हवे होते, जिंकले ९५. एका धावेच्या सामन्यांत ते ३६-११ होते. तेव्हाही लोकांना दडपणात खेळणारे हातखंडे खेळाडू दिसले असणारच. पुढच्या वर्षी ते ७८-८४. त्याआधी २०१२ ला बाल्टिमोर ओरिओल्स, एका धावेच्या सामन्यांत २९-९. पुढच्या वर्षी २०-३१. थंड डोकं एका हिवाळ्यात कुठे गेलं?

लाल माती (दुपारी २:१०)

बेसबॉलमध्ये बॅट घेऊन वेळ काढता येत नाही. कबड्डीत येतो. तिकडचं इकडे जोडू नका. तुम्हीच म्हणालात ना, खेळ बदलला की घातांक बदलतो?

आकडेमोड (दुपारी २:२५)

हे मात्र कबूल. घड्याळावरचा खेळ आणि डावांचा खेळ यांत फरक आहे. आघाडी राखायचं कसब कबड्डीत जास्त मोजावं लागेल. पण दहा सामन्यांवरून ते कसब आहे की नाणं, हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही.

सुपारीबाग (दुपारी ३:००)

आता कळलं थोडं. आमच्या मुलाचा टेनिस बॉलचा संघ आहे, सहा षटकांचे सामने. धावा केल्या किती, दिल्या किती, घालू का सूत्रात?

आकडेमोड (दुपारी ३:४०)

काका, क्रिकेटमध्ये पंचाईत आहे. पाठलाग करणारा संघ धावसंख्या ओलांडली की थांबतो. ५१ चं लक्ष्य चौथ्या षटकात, एकही गडी न गमावता गाठलं तरी वहीत ५१-५० लिहिलं जातं, जणू काट्याची टक्कर झाली. प्रथम फलंदाजी करून ३० ने जिंकलात तर पूर्ण ३० दिसतात. म्हणजे नाणेफेक जिंकून कोण काय घेतं, त्यावर तुमचा गुणफरक ठरेल. पाठलागात उरलेले चेंडू धावांत बदलून घेतल्याशिवाय हे सूत्र चालवू नका. फुटबॉललाही सरळ लागत नाही, तिथे बरोबरी फार.

पांढरा कांदा (रात्री ८:४५)

अलिबागहून. आमच्या इथे मॅटवर अशीच साखळी झाली होती, सहा संघांची. मी तेव्हा हेच केलं होतं, पण घातांक उलटा काढला. १, २, ३ असे १२ पर्यंत घालून बघितले आणि ज्याने सगळ्या संघांचे विजय सगळ्यांत जवळ आले तो घेतला. ८ आला. मग सगळ्यांना सांगत सुटलो, कबड्डीचा घातांक ८.

आकडेमोड (रात्री ९:१५)

सहाच संघांवर बसवलेला घातांक म्हणजे त्याच सहा संघांचं नशीबही त्यात शिरलं. एखादा तगडा संघ दैवयोगाने सगळेच जिंकला की घातांक वर खेचला जातो, आणि मग तोच घातांक सांगतो की या संघाचं सगळं रीतसर चाललंय. कोर्टात आरोपीलाच साक्षीदार करण्यासारखं आहे. फरकांच्या हेलकाव्यावरून काढला तर विजय-पराभवाला हात न लावता निघतो, म्हणून तो मार्ग सुचवला.

कोपरारक्षक (मंगळवार, रात्री १०:५०)

दोन संध्याकाळी घालवल्या. ५६ सामन्यांत एकूण ३४८३ गुण, म्हणजे एका संघाला सामन्यामागे ३१.१. ताकद वजा करून उरलेल्यांच्या वर्गांची बेरीज ४९५०, भागिले ४९ म्हणजे १०१, वर्गमूळ १०.०५. घातांक १.६ गुणिले ३१.१ भागिले १०.०५, बरोबर ४.९५. ताई, तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं काय?

ताकद वजा न करता केलं तर विचलन ११.२ आणि घातांक ४.४ येतो. त्यानेही खाडीपलीकडच्यांचे १०.२ होतात. म्हणजे ते कमनशिबी हे दोन्हीकडून पक्कं.

आकडेमोड (रात्री ११:२०)

बघून नव्हतं ठेवलं. सामन्यात दोघांचे मिळून साठेक गुण होतात. प्रत्येक गुण नाण्यासारखा स्वतंत्र पडला असता तर फरकाचं विचलन ६२ चं वर्गमूळ, पावणेआठच्या वर असतं. पण कबड्डीत गुण स्वतंत्र नसतात. तुमचे तीन गडी बाहेर गेले की उरलेल्या चौघांवर चढाई सोपी, मग दोन, मग लोण, आणि वर दोन गुण फुकट. गुण झुपक्याने पडतात. त्यामुळे विचलन पावणेआठपेक्षा मोठं असणार हे नक्की होतं. मी दहा धरलं, ते जुळलं हे माझं नशीब. हा झुपका नसता तर कबड्डीचा घातांक सहाच्या पुढे गेला असता.

लाल माती (बुधवार, सकाळी ९:३०)

लोणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. खाडीपलीकडच्यांच्या गुणफरकातले ९८ कुठून आले ते कोणी विचारलं का? तळाच्या गावाशी दोन सामने. ५२-२१ आणि ४७-२०. मी दुसऱ्या सामन्याला होतो. त्या गावाची निम्मी पोरं मुंबईहून आलीच नव्हती. राखीवमधला एक तर शाळकरी पोर, चड्डीची नाडी बांधत आत आला. चार लोण चढले. समान विजय झाले तर गुणफरक बघायचा हा नियम, म्हणून ते शेवटच्या मिनिटापर्यंत मारत राहिले. या ५८ गुणांवर तुम्ही त्यांना कमनशिबी ठरवताय?

कोपरारक्षक (सकाळी ९:५२)

काका, हे भारी. करून बघितलं. ते दोन सामने काढले तर उरले १२, केलेले ३९८, दिलेले ३५८. अपेक्षित ७.६, प्रत्यक्ष ७. म्हणजे दीड विजयाचं कमनशीब अर्ध्यावर आलं!

आकडेमोड (दुपारी १२:१५)

काका, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला आक्षेप आहे. १५ ने जिंकले काय आणि ३१ ने जिंकले काय, शनिवारच्या सामन्याबद्दल त्यातून फारसं वेगळं कळत नाही, पण सूत्र वरचे १६ गुणही तितकेच मोलाचे धरतं. त्यावर काहीजण फरकाला कमाल मर्यादा घालतात, समजा १५. मी इथे घातली असती.

पण फक्त त्यांचेच फुगलेले सामने काढणं हा डाव झाला. तसं करायचं तर प्रत्येक संघाचे तळाच्या गावाशी झालेले दोन्ही सामने काढा, तुमचेही. कोपरारक्षक, तुम्ही त्यांच्याशी किती फरकाने जिंकलात?

कोपरारक्षक (दुपारी १२:३०)

एकदा ४. एकदा २.

आकडेमोड (दुपारी १२:३४)

बघा म्हणजे. ज्यांना त्यांनी ५८ ने धुतलं, त्यांना तुम्ही दोन सामन्यांत मिळून ६ ने. पोरं मुंबईहून न आल्याची सवलत कोणाला मिळाली ते तपासा, पण सगळंच पोकळ नाही ते.

वेंगुर्ल्याचो बोवा (दुपारी १:१०)

मगे शनिवारी कोण जिंकतला ता सांग गो बाय. बाकी आयकून डोक्याची कढी झाली.

आकडेमोड (दुपारी २:००)

बोवा, सरळ हिशोबाने अपेक्षित फरक ६.६, विचलन १०, म्हणजे खाडीपलीकडचे चारात तीनदा. पण १४ सामन्यांच्या सरासरीतही नशिबाचा वाटा असतो, म्हणून दोघांनाही मध्याकडे थोडं ओढून घ्यायला हवं. या साखळीत ताकदीचा भेद फार मोठा नाही, त्या मानाने फरक साधारण ४ वर येतो. मग तिनात दोनदा ते, एकदा गुहागरकर. दोघांचाही तक्ता ९-५ आहे, आणि तरीही मी पन्नास-पन्नास म्हणणार नाही.

आणि कोपरारक्षक, पोरांना एवढं सांगा. गुण माहीत असताना विजयांच्या आकड्यात जे निव्वळ हेलकावे उरतात ते १४ सामन्यांत साधारण १.१ विजयांएवढे. तुमचे २.३ त्याच्या दुप्पट. कोणा एका ठरावीक संघाला हे पन्नासात एकदा घडेल, पण आठ संघांतल्या कोणालाही घडण्याची शक्यता सहा-सातात एकदा. आपण नेहमी त्याच एका संघाबद्दल धागा काढतो, बाकी सातांबद्दल नाही.

पांढरा कांदा (दुपारी ३:२०)

हे वाचून माझे जुने कागद काढले. मॅटवर आमचं विचलन ताकद वजा करून १२ च्या पुढे येतंय, सरासरी गुण ३४. म्हणजे घातांक साडेचार. ८ चा घातांक ज्यांना ज्यांना सांगितला त्यांची माफी. पण मातीपेक्षा मॅटवर विचलन जास्त का? पाय घसरत नाहीत म्हणून चढाया जास्त लागतात, की अव्वल पकडीचा जादा गुण?

आकडेमोड (दुपारी ४:०५)

सहा संघांच्या साखळीत विचलनाचा आकडाही बराच सैल असतो. १२ आणि १० मधला फरक कदाचित काहीच नसेल. अव्वल पकडीला जादा गुण दोन्हीकडे होता का ते आधी बघा. नियम वेगळे असतील तर तुलनाच नको.

कोपरारक्षक (रविवार, सकाळी ११:०५)

हरलो. २९-३४. मध्यंतराला २ ने पुढे होतो. दुसऱ्या डावात दहाव्या मिनिटाला लोण चढला आणि तिथून मागेच राहिलो. शेवटची तीन मिनिटं आपला तो पोरगा गुण आणायला जात होता आणि ते वेळ काढत होते. काकांनी सांगितलेली तीस सेकंदांची चढाई, फक्त समोरच्या बाजूने.

भाचा म्हणतो, बघ, सूत्र खरं ठरलं.

आकडेमोड (सकाळी ११:४०)

भाच्याला सांगा, तुम्ही जिंकला असतात तरी सूत्र खोटं ठरलं नसतं. तिनात एकदा तुम्ही जिंकणारच होतात. एका सामन्याने यातलं काही सिद्ध होत नाही.

लाल माती (दुपारी १२:२०)

हे मला मान्य. पण माझाही मुद्दा मोडला नाही. आघाडी असेल तरच तो पोरगा उपयोगाचा. मागे असताना तो साधा चढाईपटू. तुमच्या सूत्राला पुढे-मागे कळतं का?

आकडेमोड (दुपारी १:००)

नाही कळत, काका. त्याला फक्त शेवटची बेरीज दिसते. तपासायचं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांचे गुण वेगळे हवेत. ज्या सामन्यांत पाच मिनिटं उरताना फरक तीनच्या आत होता, त्यांत पुढे असलेला संघ किती वेळा पुढेच राहिला, आणि तो पोरगा असताना किती वेळा. एका हंगामात पुरेसे सामने मिळणार नाहीत, दोन-तीन लागतील.

कोपरारक्षक (दुपारी १:२५)

मिनिटं लिहिलेली नाहीत ताई. फक्त मध्यंतर आणि शेवट. लोणाची खूण आहे, वेळ नाही. पुढच्या वर्षी गुणलेखकाच्या कागदावर एक रकाना वाढवून घेतो.

आणि एक राहिलं. काल आयोजकांच्या वहीशी माझे कागद ताडून बघत होतो. एका सामन्यात त्यांच्याकडे आमचे ३० आहेत, माझ्याकडे ३१. म्हणजे ४३० की ४२९?

सुपारीबाग (दुपारी १:३१)

एका गुणाने काय होतंय.

कोपरारक्षक (दुपारी १:३३)

काका, तो सामना आम्ही १ ने जिंकलो होतो.

वेंगुर्ल्याचो बोवा (दुपारी १:४०)

गप रव. वही बंद कर.